शेंगदाणे, विमान आणि करारातलं एक कलम

२००७ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या न्यूयॉर्कच्या कार्यालयात शेंगदाणे यायला लागले. सुरुवातीला पाकिटं, मग खोकी, मग पोतीच्या पोती. काही आठवड्यांत वीस टनांच्या वर माल जमा झाला. शेंगदाणे विकणाऱ्या एका दुकानाने तर आपल्या वेबसाइटवर यासाठी वेगळी सोयच करून दिली. तुम्ही फक्त पैसे भरायचे, दाणे परस्पर सीबीएसच्या दारात. आलेला माल पुढे दानधर्मात गेला, पण तेवढे दिवस तो कुठे ठेवायचा या विचाराने तिथल्या टपालखात्याची काय अवस्था झाली असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

कारण होतं ‘जेरिको’ नावाची मालिका. अमेरिकेच्या मोठ्या शहरांमध्ये अणुबॉम्ब फुटतात, आणि कॅन्सस राज्यातलं एक छोटं गाव त्यानंतर कसं तगून राहतं, अशी तिची गोष्ट. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात शेजारच्या गावाचे लोक चाल करून येतात आणि ‘शरण या’ म्हणतात. नायक एकच शब्द उच्चारतो, ‘नट्स’. दुसऱ्या महायुद्धात बास्टोनला वेढा पडला असताना अमेरिकन जनरल मॅकॉलिफ यांनी जर्मनांच्या निरोपाला हेच उत्तर दिलं होतं. आपल्या भाषेत, ‘गेलात उडत’. मालिका नेमकी या वाक्यावर लटकवून सीबीएसने बंद केली. मग प्रेक्षकांनी तोच शब्द टनावारी वाहिनीला परत पाठवला.

आणि वाहिनी नमली. ६ जूनला सीबीएसच्या मनोरंजन विभागाच्या अध्यक्ष नीना टॅस्लर यांनी चाहत्यांना जाहीर पत्र लिहून सात नव्या भागांची घोषणा केली.

चाहत्यांच्या ताकदीच्या कथेत ही गोष्ट इथेच संपवली जाते. पुढचं कुणी सांगत नाही. टॅस्लर यांनी त्या पत्रातच अट घातली होती की तुम्ही आहात तेवढे पुरणार नाही, आणखी माणसं आणा. ती आली नाहीत. २००८ च्या फेब्रुवारीत दुसरा सीझन लागला तेव्हा प्रेक्षक सत्तर लाखांच्या आसपास होते आणि ते घटतच गेले. पहिल्या सीझनच्या पहिल्या भागाला हाच आकडा एक कोटीच्या पुढे होता. सहा आठवडे झाले आणि मार्चमध्ये मालिका पुन्हा बंद. त्यानंतर ‘जेरिको’ची गोष्ट कॉमिक्समध्ये पुढे सरकली, पडद्यावर नाही.

वीस टन शेंगदाण्यांनी काय मिळवलं, तर सात भाग. मी त्याला कमी लेखत नाही. सात भाग हे सात भाग असतात. पण ‘प्रेक्षकांनी मनावर घेतलं तर मालिका वाचते’ हे वाक्य हल्ली इतक्या सहज फेकलं जातं की त्याची एकदा नीट झडती घ्यायला हवी. माझ्या मते बंद पडलेली मालिका आवाजाने परत येत नाही. ती परत येते जेव्हा तिचे हक्क अशा कुणाच्या हातात असतात ज्याला ती दुसऱ्याला विकता येते, आणि तो दुसरा आधीपासून दाराशी उभा असतो. चाहते फार तर त्या दाराची कडी वाजवतात. हे समजून घेतलं तर आपण मागायची गोष्टच बदलते.

मालिका बंद का होते, याचं नेहमीचं उत्तर ‘बघत नव्हतं कुणी’. ते अर्धवट आहे. ‘जेरिको’च्या बाबतीत बघणारे होते, पण त्यातले पुष्कळ लोक भाग रेकॉर्ड करून सवडीने किंवा सीबीएसच्या वेबसाइटवर बघत होते. जाहिरातदार ज्या आकड्यावर पैसे मोजत त्यात या बघण्याला फारशी किंमत नव्हती. त्यात वाहिनीने नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत मालिका थांबवून ठेवली आणि परत आणली ती ‘अमेरिकन आयडॉल’च्या समोर. म्हणजे चालत्या दुकानाला कुलूप लावून तीन महिन्यांनी उघडायचं, तेही समोर जत्रा भरलेली असताना, आणि वर गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून हळहळायचं.

खरा प्रश्न असतो तो ‘या वाहिनीला उपयोगी पडेल असं किती जण बघतात’ हा. आणि ‘उपयोगी’ म्हणजे काय, हे त्या वाहिनीने काय विकत घेतलंय त्यावर ठरतं. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते ‘द एक्सपान्स’च्या प्रकरणात.

‘द एक्सपान्स’ ही अंतराळातली मालिका. मंगळावर वस्ती झाली आहे, पृथ्वी आणि मंगळ एकमेकांवर डोळे वटारून आहेत आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात राबणारे कष्टकरी दोघांच्याही पायाखाली चिरडले जात आहेत. जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने दोन लेखकांनी मिळून लिहिलेल्या कादंबऱ्यांवर ती बेतलेली. तिची सूत्रं सांभाळणारे नरेन शंकर भारतीय वंशाचे, आणि भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन पटकथेकडे वळलेले. त्यामुळे यानाने वेग घेतला की माणसं खुर्चीत दाबली जातात, इंजिन बंद केलं की तरंगायला लागतात, हे सगळं चोख. असली मालिका स्वस्तात होत नाही.

ती बनवत होती अल्कॉन नावाची स्वतंत्र निर्मिती संस्था आणि दाखवत होती सायफाय ही केबल वाहिनी. इथे जरा थांबून पैशाचा हिशेब बघू. अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीत वाहिनी मालिकेचा पूर्ण खर्च देत नाही. ती दाखवण्याचा परवाना घेते आणि त्याचं ठरलेलं शुल्क देते. उरलेला खड्डा निर्माता भरतो. त्यासाठी तो तीच मालिका परदेशात विकतो, स्ट्रीमिंगला विकतो, पुढे पुनःप्रक्षेपणाला विकतो. ‘द एक्सपान्स’चं असंच वाटप झालं होतं. अमेरिकेत टीव्हीवर पहिल्यांदा दाखवण्याचा हक्क सायफायचा. अमेरिकेत नंतर स्ट्रीमिंगवर दाखवण्याचा हक्क अ‍ॅमेझॉनचा. आपल्यासकट बऱ्याच जगासाठी नेटफ्लिक्स. पहिले सीझन आपण नेटफ्लिक्सवर पाहिले ते यामुळे.

आता सायफायच्या खुर्चीत बसून बघा. मालिका उत्तम आहे, समीक्षक खूश आहेत. पण तुमच्या हातात फक्त एक गोष्ट आहे, ती म्हणजे बुधवारी रात्री ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसलेला माणूस. आणि विज्ञानकथेचा प्रेक्षक नेमका असा की तो ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसत नाही. तो सवडीने, शनिवारी, एका दमात चार भाग बघतो, आणि ते अ‍ॅमेझॉनवर. म्हणजे मालिकेची कीर्ती जितकी पसरेल तितका फायदा दुसऱ्याचा. तिसऱ्या सीझनला सायफायवर प्रत्यक्ष वेळेत बघणारे जेमतेम पाच-सहा लाख होते. ११ मे २०१८ ला सायफायने ती बंद करत असल्याचं सांगितलं. त्या वेळच्या बातम्यांमध्ये कारणही स्पष्ट होतं: या करारात वाहिनीला केवळ टीव्हीवरच्या पहिल्या प्रक्षेपणाचा हक्क होता, त्यामुळे सगळी भिस्त लाइव्ह प्रेक्षकांवर.

मला यात सायफायचा दुष्टपणा दिसत नाही. ज्या झाडाची फळं शेजारी तोडून नेतो त्याला पाणी किती दिवस घालायचं, हा साधा हिशेब आहे.

त्यानंतरचे चौदा दिवस चाहत्यांनी गाजवले. ऑनलाइन अर्जावर लाखाच्या वर सह्या झाल्या. वर्गणी काढून एक विमान भाड्याने घेतलं आणि मागे #SaveTheExpanse असा फलक बांधून ते कॅलिफोर्नियात अ‍ॅमेझॉन स्टुडिओच्या डोक्यावरून फिरवलं. २५ मे रोजी लॉस एंजेलिसमध्ये नॅशनल स्पेस सोसायटीची परिषद होती. मालिकेतले कलाकार तिथे चर्चासत्रासाठी आलेले. त्याच रात्रीच्या समारंभात व्यासपीठावर अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस होते. त्यांनी तिथूनच सांगून टाकलं की दहाच मिनिटांपूर्वी निरोप आलाय, मालिका वाचली, ‘रोसिनान्टे’ सुरक्षित आहे. रोसिनान्टे हे मालिकेतल्या यानाचं नाव. पुढच्या टेबलांवर बसलेल्या कलाकारांच्या जल्लोषाचा व्हिडिओ अजूनही फिरतो, आणि कितीदाही पाहिला तरी मला हसू येतं.

तर विमानाने मालिका वाचवली का? विमान कुणाच्या डोक्यावर फिरवलं ते लक्षात घ्या. सायफायच्या नाही. चाहत्यांमधल्या कुणीतरी अतिशय शहाण्या माणसाने ओळखलं होतं की सायफायची मनधरणी करण्यात अर्थ नाही, कारण सायफायचं गणित बदलणारच नाही. अ‍ॅमेझॉनकडे मालिकेचे स्ट्रीमिंग हक्क आधीच होते. लोक ती किती बघतात, कितव्या भागावर सोडतात, सोडतात की नाही, याचे आकडे त्यांच्याच संगणकात होते, बाहेरच्या कुणाकडेही नव्हते. बेझोस यांना त्या पुस्तकांची आवड होती, हेही खरं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मालिका अल्कॉनची होती. सायफायने नको म्हटलं त्या क्षणी अल्कॉन ती घेऊन दुसऱ्याच्या दारात जाऊ शकत होती, कुणाची परवानगी न मागता. अशा सौद्यात वेळही मोजून मिळतो. कलाकारांना बांधून ठेवणारे करार संपले की ते दुसरीकडे कामं घेतात, आणि उभे सेट राखायचे तर जागेचं भाडं चढत जातं. विमानाने त्या चौदा दिवसांत विषय थंड होऊ दिला नाही. ते काम मोठं आहे, पण ते दुसऱ्या क्रमांकाचं आहे.

‘जेरिको’शी ताडून बघा. ती सीबीएसच्याच घरच्या स्टुडिओने बनवलेली. दाखवणारा आणि मालक एकाच छताखाली. शेंगदाणे पाठवायला एकच दार, आणि त्या दारामागे बसलेल्याचं गणित बदलायचं तर प्रेक्षकच वाढायला हवे होते.

‘द एक्सपान्स’ मग अ‍ॅमेझॉनवर आणखी तीन सीझन चालली. २०२२ च्या जानेवारीत संपली ती नीट, कथेच्या एका मुक्कामाला येऊन. शेवटचा सीझन सहाच भागांचा होता आणि नऊ कादंबऱ्यांपैकी शेवटच्या तीन पडद्यावर आल्याच नाहीत. त्या आणा म्हणून चाहते आजही मागे लागलेले आहेत. विमान मात्र पुन्हा उडालेलं नाही, कारण ते कुणाच्या डोक्यावरून फिरवायचं हे आता कुणालाच ठाऊक नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, चला, स्ट्रीमिंग आलं, बरं झालं. तेच आता तारणहार. मला उलटी भीती वाटते. २०१८ साली अ‍ॅमेझॉनला ‘द एक्सपान्स’ घेता आली कारण हक्क तुकड्यातुकड्यांत वाटलेले होते. स्ट्रीमिंग कंपन्या स्वतःसाठी मालिका बनवून घेतात तेव्हा त्यांना हे तुकडे नको असतात. त्या निर्मात्याला पूर्ण खर्च आणि वर ठरावीक नफा देतात, आणि बदल्यात सगळ्या जगाचे हक्क दीर्घकाळासाठी घेतात. निर्मात्याला हे गोड वाटतं, कारण खड्डा भरायची चिंता संपते. पण त्याच सहीने मालिकेचं मागचं दारही बंद होतं.

‘वन डे अ‍ॅट अ टाइम’चं उदाहरण बोलकं आहे. लॉस एंजेलिसमधल्या क्यूबन वंशाच्या कुटुंबाची ही विनोदी मालिका नेटफ्लिक्सने २०१९ च्या मार्चमध्ये तीन सीझनांनंतर बंद केली. बनवत होतं सोनी, म्हणजे निर्माता बाहेरचा. चाहत्यांनी ओरडा केला, गिऱ्हाईकही होते. पण नेटफ्लिक्सच्या करारात असं बंधन होतं की मालिका एवढ्यात दुसऱ्या स्ट्रीमिंग सेवेवर जाऊ शकत नाही. राहिली फक्त टीव्हीची वाट. जूनमध्ये ती पॉप नावाच्या छोट्या केबल वाहिनीने घेतली, आणि २०२० मध्ये तिथेही ती संपली. स्ट्रीमिंगचा प्रेक्षक केबलवर शोधायला निघालेली मालिका. याहून उलटा प्रवास कुठला असेल?

करार करणाऱ्याची बाजूही मला दिसते. ज्याने पूर्ण पैसे घातले तो म्हणणारच की माझ्या पैशाने मोठी झालेली मालिका उद्या माझ्याच स्पर्धकाच्या दारात उभी राहायला नको. यात काही गैर नाही, जोपर्यंत तो ती स्वतः चालवतो आहे. गैर सुरू होतं ते ‘मी चालवणार नाही आणि दुसऱ्यालाही चालवू देणार नाही’ इथून. गोठ्यातल्या गव्हाणीत बसलेल्या कुत्र्याची गोष्ट आपण शाळेत वाचली आहे.

आपल्याकडे तर हा प्रश्न जन्मापासूनच मिटवून टाकलेला आहे. मराठी मालिकेचा निर्माता बहुतेक वेळा वाहिनीने सांगितलं म्हणून, वाहिनीच्या पैशाने मालिका बनवतो, आणि ती वाहिनीची होते. कायद्याचा कलही तिकडेच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम सांगतं की कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्रपट बनवला, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्याचा पहिला मालक तो सांगणारा. आणि या कायद्यातल्या ‘चित्रपटा’त मालिकाही बसते. वेगळा करार करून घेण्याची ताकद किती निर्मात्यांत असते? दर गुरुवारी टीआरपीचा आकडा यायचा आणि त्यावर पुढचे भाग ठरायचे अशा धंद्यात हक्कांवर घासाघीस कोण करणार?

म्हणून आपल्याकडे बंद पडलेली मालिका दुसऱ्या वाहिनीवर गेल्याचं सहसा दिसत नाही. परत येते ती त्याच घरात, त्या घराच्या सोयीने. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ स्टार वनवर टीआरपीअभावी २००६ मध्ये संपली. मग वर्षानुवर्षं लोकांनी तिचे तुकडे इंटरनेटवर पाहिले, माया साराभाईची वाक्यं घरोघरी बोलली, आणि २०१७ मध्ये ती नव्या सीझनसह परत आली ती हॉटस्टारवर, म्हणजे स्टारच्याच घरात. लोकांचं प्रेम दहा वर्षं उतू जात होतं. पण चूल पेटली ती मालकाला स्वतःच्या स्ट्रीमिंग सेवेसाठी ओळखीचं नाव हवं होतं तेव्हा.

मग मागायचं काय? ‘आमची मालिका बंद करू नका’ ही मागणी मला पटत नाही. तोट्यातली मालिका चालवायची सक्ती कुणावर करता येत नाही आणि करूही नये. काही मालिकांच्या बाबतीत तर ती वेळेत बंद न केल्याबद्दलच अर्ज करावासा वाटतो. मागायला हव्यात त्या दोनच गोष्टी, आणि त्या मागायच्या निर्मात्यांच्या आणि लेखकांच्या संघटनांनी, प्रेक्षकांनी त्यांच्या मागे उभं राहायचं.

पहिली म्हणजे परतीचं कलम. वाहिनीने किंवा स्ट्रीमिंग सेवेने मालिका थांबवली आणि ठरावीक मुदतीत, समजा सहा महिन्यांत, पुढचे भाग मागितले नाहीत, तर कथा पुढे नेण्याचा हक्क निर्मात्याकडे परत यावा. झालेले भाग खुशाल त्यांच्याकडे राहू देत. त्यांनी पैसे मोजलेत. नवा गिऱ्हाईक आला तर जुन्या मालकाला काही टक्के देण्याचीही सोय ठेवता येईल. पण दाराला बाहेरून कुलूप नको. याला अडचण आहे, ती लपवत नाही: हक्क परत देणाऱ्या करारात मोबदला कमी मिळणार, आणि लहान निर्माता तो आज सोडू शकत नाही. म्हणून हे एकेकट्याने होणारं काम नाही.

दुसरी गोष्ट स्वस्त आहे. शेवट करायला वेळ द्या. ‘जेरिको’च्या दुसऱ्या सीझनचे सात भाग चित्रित करताना तिच्या लोकांनी शेवटच्या भागाचे दोन शेवट करून ठेवले होते, एक पुढचा सीझन मिळाला तर, एक नाही मिळाला तर. नाही मिळाला, आणि २५ मार्च २००८ ला दुसरा शेवट दाखवला गेला. निदान गोष्ट मिटली. आपल्याकडे निरोप कळतो तेव्हा हातात अनेकदा मोजके दिवस असतात. मग आठ महिने एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं शुक्रवारी माफी मागतात, शनिवारी दिवाणखान्यात सत्यनारायण होतो, आणि हरवलेली मुलगी कुठे गेली हे कुणीच विचारत नाही.

माझी मिरजेची आत्या अशाच एका मालिकेसाठी गेल्या वर्षी हळहळत होती. सोमवारी त्या वेळेला दुसरंच काहीतरी लागलं. तिने फोन करून मला विचारलं, ‘अगं, पत्र कुठे पाठवायचं गं?’ मी म्हटलं, ‘आत्या, आधी बघ, ती कुणाच्या मालकीची आहे. शेवटच्या पाट्यांमध्ये वर्षाच्या शेजारी बारीक अक्षरात नाव असतं.’ मोबाइलवर अजून जुने भाग होते. तिने चष्मा लावून शेवटचा भाग शेवटून लावला. पाट्या सुरू झाल्या, आणि लगेच पडदा अर्धा होऊन डाव्या बाजूला नव्या मालिकेची जाहिरात आली. उजवीकडच्या पट्टीत नावं इतक्या वेगाने वर गेली की तिने तीनदा मागे नेऊन पाहिलं.

‘नाही गं वाचता येत,’ आत्या म्हणाली, ‘परत लावते थांब.’